गांधाराची तार नाही, तरी तानपुऱ्यात गांधार कुठून येतो? आणि ती चमचम थांबत का नाही?

गांधारवेडी · धरमपेठ, नागपूर

नमस्कार मंडळी. बाबांचा मोठा तंबोरा, मिरजेचा, किती वर्षं खोळीत पडून होता, तो मागच्या महिन्यात काढला, तारा बदलून घेतल्या आणि काळी एकला लावला कारण बाबांचा सा तोच होता. पहिली तार प, मग जोडी सा-सा, शेवटी खर्ज. बस, एवढंच. आता प्रश्न असा की रात्री सगळं शांत झाल्यावर मी एकटी छेडत बसते तेव्हा खर्जाच्या तारेतून अगदी स्पष्ट गांधार ऐकू येतो, शुद्ध गांधार, म्हणजे कोणीतरी लांबून बारीक आवाजात गाऊन राहिलं असं वाटतं. याला स्वयंभू गांधार म्हणतात हे क्लासमध्ये ऐकलंय, पण तो येतो कसा हे कोणी नीट सांगितलं नाही.

दुसरं म्हणजे आवाज नुसता टिकून राहत नाही, तो चमकत राहतो. पाण्यावर ऊन पडल्यासारखं वर वर काहीतरी हलत असतं आणि खाली सा मात्र दगडासारखा स्थिर. मोबाइलवरच्या तानपुऱ्यात मला हे तेवढं जाणवत नाही. असं का?

मी फोनवर स्पेक्ट्रमचं एक अॅप टाकून बघितलं, त्यात शिखरं दिसली ती १००, २००, ३०० ला. प तर १०४ च्या आसपास यायला पाहिजे ना? मग माझा प उतरलाय का? कानाला तर बरोबर लागतो.

महालवाला

ताई हे सगळं रेझोनन्सचं काम आहे. एक तार छेडली की बाकीच्या तारा आपोआप बोलतात, एवढा मोठा भोपळा आहे खाली तो ते सगळं उचलून धरतो. आमच्याकडे भजनी मंडळात तंबोरा असतो, नुसता शेजारी कोणी मोठ्यानं गायला तरी तो गुणगुणतो, हात लावायची गरज नाही. गांधार पण तसाच, तारा एकमेकींत बोलून तयार होतो. जास्त खोलात जायची गरज नाही असं मला वाटते.

बारावा_फ्रेट

मी गिटारवाला आहे, तानपुरा वाजवत नाही, पण ओव्हरटोन तर कुठल्याही तारेत असतातच की. गिटारच्या तारेत पण पाचवा हार्मोनिक असतोच आणि तो मेजर थर्डच असतो, म्हणजे तुमचा गांधार. मला नाही वाटत तानपुऱ्यात काही स्पेशल आहे. तारा लांब आहेत म्हणून जास्त वेळ वाजतात एवढंच.

तारघोडी

गांधारवेडी ताई, आधी अॅपचं सांगून टाकतो. तुमच्याकडे त्या वेळी कूलर चालू होता का? १००, २००, ३०० बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात तेच आलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटर आणि ट्रान्सफॉर्मरची घूं असते ती १०० ला आणि तिच्या पटीत. मे महिन्यात नागपुरात कोणत्याही खोलीत फोन ठेवला तर हीच शिखरं दिसतील, तंबोरा असो नसो. तुमचा प उतरलेला नाही, तो बिचारा बाजूलाच असेल, कूलरच्या शिखराला चिकटून. कूलर बंद करून, तार न छेडता एकदा बघा आणि मग छेडून बघा.

आता गांधार. आकडे सोपे जावेत म्हणून तुमचा मधला सा १४० हर्ट्झ धरू या, खरा काळी एक १३८.६ च्या आसपास असतो, फार फरक पडत नाही. म्हणजे खर्ज ७०, प १०५. एक तार एका वेळी अनेक तऱ्हांनी हलते, सगळी मिळून एकदा, दोन भागात, तीन भागात असं. म्हणून खर्जातून ७०, १४०, २१०, २८०, ३५० असे सूर एकाच वेळी निघतात. २८० हा तार सा, आणि ३५० म्हणजे त्याच्या सव्वापट. सा च्या सव्वापट म्हणजेच शुद्ध गांधार. इथवर बारावा फ्रेटचं बरोबर आहे, हा सूर प्रत्येक तारेत असायला हरकत नाही.

पण "असतो" आणि "ऐकू येतो" यात फार अंतर आहे, आणि तिथेच तानपुरा वेगळा पडतो. महालवाल्यांचं अर्धं बरोबर आहे, तारा एकमेकींना हलवतात हे खरंच, पण गांधार त्यातून येत नाही. ताई, तुम्ही स्वतःच करून बघा. एक मऊ रुमाल घ्या, प आणि जोडीच्या तारांमध्ये खालच्या बाजूला गुंफून त्या तिन्ही गप्प करा. मग एकटा खर्ज छेडा. काय राहतं आणि काय जातं ते इथे लिहा, मी पुढचं मग बोलतो.

संत्रानगरी_सूर

कोणाला माहीत आहे का नागपुरात भोपळ्याला तडा गेला तर कोण दुरुस्त करते? माझ्या तानपुऱ्याला उन्हाळ्यात बारीक चीर गेली, एका दुकानात दिला होता त्यांनी वरून नुसतं फेव्हिकॉलसारखं काहीतरी भरून दिलं, दोन महिन्यांत परत उघडली. कूलरच्या समोर ठेवला म्हणून झालं असं ते म्हणे.

तारघोडी

सूर भाऊ, वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. पण कूलरचं त्यांनी बरोबर सांगितलं, दिवसा कोरडी ४५ डिग्री आणि संध्याकाळी कूलरची ओल, लाकूड आणि भोपळा दोन्ही रोज फुगतात आणि आकसतात. खोळीत घालून आतल्या खोलीत ठेवा, हवेच्या झोतात नको.

गांधारवेडी · धरमपेठ, नागपूर

तारघोडी दादा, कूलरच होता!! बंद केला तर १०० चं शिखर गेलं आणि १०४ ला छोटंसं प चं शिखर दिसलं. इतके दिवस मी कूलरकडे बघून प लावायचा विचार करत होते.

रुमालाचा प्रयोग काल रात्री केला. तिन्ही तारा गप्प केल्या आणि खर्ज छेडला. गांधार आहे! उलट अजून स्वच्छ आहे. आणि अजून एक गोष्ट ऐकू आली जी आधी गर्दीत कळत नव्हती, छेडल्याबरोबर आधी फार वरचं काहीतरी झिणझिणतं आणि मग ते हळूहळू खाली उतरत येतं, जणू कोणी वरच्या सुरांवरून एकेक पायरी उतरून राहिलं, आणि त्या वाटेत गांधार लागतो. पण चमचम नव्हती. म्हणजे रंग बदलत होता पण ते लकाकणं, कमी-जास्त कमी-जास्त, ते गेलं. रुमाल काढला की परत आलं.

म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

तारघोडी

हो, दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या फार छान वेगळ्या केल्या. बहुतेक लोक दोन्हीला मिळून जव्हारी म्हणतात आणि मग गोंधळ होतो. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट, ते उतरत येणारं झिणझिणणं. हे घोडीचं काम. गिटारची तार एका धारदार कडेवर संपते, पुढे तिचा कशाशी संबंध नाही. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिची पाठ अगदी हलकी गोलसर घासलेली असते, आणि तारेखाली आपण सूत सरकवतो ते तारेला केसभर उचलून धरतं. आता तार हलताना खाली आली की घोडीच्या पाठीला चाटून जाते, वर गेली की सुटते. खर्जाची तार सेकंदाला ७० वेळा हे करते. प्रत्येक वेळी चाटणं म्हणजे तारेला तिच्या अगदी टोकाशी एक बारीकशी टिचकी मारल्यासारखं. तुम्ही छेडली एकदा, घोडी छेडत राहते. ही टिचकी बाहेरून नवीन शक्ती आणत नाही हां, तारेच्या मोठ्या, सावकाश हलण्यातलीच शक्ती थोडी थोडी काढून वरच्या सुरांना देत राहते. म्हणून गिटारवर वरचे सूर सुरुवातीला असतात आणि भराभर विझतात, तानपुऱ्यावर काही वरचे सूर छेडल्यानंतर वाढतात. तुमच्या अॅपमध्ये गांधाराच्या शिखराकडे नुसतं बघत राहा, ते छेडल्याक्षणी सर्वात उंच नसेल, जरा वेळाने होईल.

आणि उतरत का येतं, तर तारेचा झोका जसा लहान होतो तसं चाटणं बदलतं, सर्वात वरचे सूर आधी थकतात आणि तो उजेडाचा पट्टा खाली खाली सरकतो. सूर सरकत नाहीत, ते आपापल्या जागी आहेत, त्यांच्यावरचा उजेड सरकतो.

ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवली आहे, तंबोरा आणि वीणेच्या घोडीबद्दल. नोबेलच्या नऊ वर्षं आधी. आणि हे रामन १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत असताना आपल्या नागपुरात बदलीवर होते, हे इथल्या पोरांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगतो. त्यांनी काय पकडलं, तर जुना नियम असा की तार जिथे छेडली त्या जागी ज्या सुराचा स्थिर बिंदू येतो तो सूर निघूच शकत नाही. बरोबर मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा सूर गैरहजर पाहिजे. तंबोऱ्यात ते सगळे हजर असतात आणि जोरात असतात.

बारावा फ्रेट, हे तुमच्या हातातलं काम आहे. गिटारची मोकळी तार बरोबर बाराव्या फ्रेटच्या वर छेडा आणि लगेच त्याच जागी बोट हलकंच टेकवा. काय होतं ते सांगा.

बारावा_फ्रेट

केलं. पहिल्यांदा सप्तक वरचा सूर बारीकसा ऐकू आला, मी म्हटलं बघा येतोच की. पण मग लक्षात आलं मी फ्रेटपासून बोटभर पुढे छेडत होतो. स्केल मोजली, ६५ सेमी आहे, साडेबत्तीसवर खूण केली, पिक नाही वापरला, बोटानं बरोबर तिथेच छेडली आणि तिथेच टेकवलं. जवळजवळ काहीच नाही. आवाज मेला. म्हणजे बोट टेकवल्यावर जे उरायला पाहिजे ते सम नंबरचे सूर आणि ते तर निघालेच नव्हते.

मग मावशीकडे गेलो लक्ष्मीनगरला, तिच्याकडे तानपुरा आहे. टेपनं मोजून मधोमध छेडली आणि टेकवलं. मंडळी, वरचा सा खणखणीत उभा राहिला. तीन वेळा केलं. माझं वरचं वाक्य मागे घेतो, यात स्पेशल आहे. मावशीनं विचारलं टेप घेऊन काय करून राहिला, तर मी तिला पण करायला लावलं.

एक शंका. तानपुरा तर नेहमी मधल्या भागातच छेडतात ना? मग ही घोडी नसती तर तो किती पोकळ वाजला असता?

तारघोडी

अगदी तेच. मधल्या भागात, बोटाच्या मांसल बाजूनं, नखानं नाही, म्हणजे सगळ्यात मऊ आणि सगळ्यात वरच्या-सुरांशिवायची छेड. खालचा सूर भरपूर हलवायचा आणि वरचे सूर घोडीकडून काढून घ्यायचे. ज्यांनी हे वाद्य घडवलं त्यांना कानानं हे कळलं होतं.

वर्गातली_ताई

मी गेली बावीस वर्षं शिकवते. थोडं व्यवहाराचं बोलते. गांधारवेडी, तुझी जव्हारी खुली आहे असं दिसतंय, पण नव्या मुली सूत कसं सरकवतात ते बघून मला वाईट वाटतं, ओढून ताणून. सूत तारेखाली असताना तार किंचित उचलून, अगदी पाव मिलिमीटर सरकवायचं आणि छेडायचं, परत सरकवायचं. एका बाजूला गेलं की तार घोडीपासून पूर्ण उचलली जाते, आवाज साधा होतो, बंद, नुसता टुंग. दुसऱ्या बाजूला गेलं की तार घोडीला जास्त घासते, करकर होते आणि आवाज लवकर मरतो. या दोघांच्या मधली जागा फार छोटी असते आणि प्रत्येक तारेची वेगळी. आणि सूर बदलला, नुसता अर्धा स्वर चढवला तरी सूत परत बसवावं लागतं. धागा जाड घेतला तरी तीच गोष्ट, बारीक सुती धागाच घ्यावा, काही जण रेशमी घेतात. आणि सूत कितीही हलवलं तरी एकही जागा सापडत नसेल तर घोडीत तारेनं खाच पाडलेली असते, मग जव्हारी काढून घ्यावी लागते, ते घासायचं काम घरी करू नये.

आणि जोडीच्या तारा एकदम एक झाल्या पाहिजेत. हे मी ठामपणे सांगते. चमचम वगैरे ठीक आहे पण जोडी बेसूर असेल तर चमचम नाही, ते डुगडुगणं.

महालवाला

मान्य, रुमाल लावूनही गांधार येतो म्हणजे माझं चुकलं. पण मग चमचम रुमालानं गेली म्हणजे ती तर तारा एकमेकींत बोलल्यामुळेच ना? माझं निम्मं तरी उभं आहे.

तारघोडी

उभं आहे, महालवाले. आता दुसरी गोष्ट, ती चमचमच.

ताई म्हणाल्या जोडी एकदम एक पाहिजे. बरोबर, पण कान "एक" म्हणतो तेव्हाही दोन तारा शंभर टक्के एक नसतात. समजा एक १४० ला आहे आणि दुसरी १४०.२ ला. मूळ सुरात हा फरक म्हणजे पाच सेकंदात एक लाट, आवाज हळूच फुगतो आणि बसतो. तोवर तुमचं एक आवर्तन होऊन तार परत छेडली पण जाते, म्हणून ती लाट जाणवतच नाही, सा दगडासारखा वाटतो. पण त्याच तारांचा पाचवा सूर बघा, ७०० आणि ७०१. सेकंदाला एक लाट. दहावा, १४०० आणि १४०२, सेकंदाला दोन. विसावा, सेकंदाला चार. फरक तेवढाच, पण जितकं वर जाल तितकी लाट जलद. म्हणजे तळाशी शांत आणि वर वर जलद लकाकणं, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळ्या वेगानं. गांधारवेडी यांनी पहिल्याच पोस्टमध्ये "पाण्यावर ऊन" लिहिलं ना, ते हेच.

गिटारवर दोन तारा एका सुरात लावल्या तरी असं होतंच, पण तिथे वरचे सूर एका क्षणात विझतात, लाट दिसायला सूरच उरत नाही. जव्हारी वरचे सूर जिवंत ठेवते म्हणून चमकायला काहीतरी असतं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत पण एकीवाचून दुसरी ऐकूच येणार नाही.

आता प ची तार यात कुठे येते. प १०५, त्याचा चौथा सूर ४२०. जोडीचा तिसरा सूर ४२०. खर्जाचा सहावा, तोही ४२०. तीन ठिकाणाहून चार तारा एका जागी येऊन भेटतात. प नुसता अर्धा हर्ट्झ चढा लागला, १०५.५, तर त्याचा चौथा ४२२ होतो आणि तिथे सेकंदाला दोन लाटा. प लावताना अनुभवी माणूस प ऐकत नाही, ही वरची लाट ऐकतो, ती मंदावत मंदावत थांबली की मणी सोडतो.

आणि गांधार. खर्जाचा गांधार ३५० ला आहे, तिथे बाकी कोणत्याच तारेचा सूर येत नाही, जोडीचे २८० नंतर थेट ४२०, प चे ३१५ नंतर ४२०. म्हणून तो एकटा आणि स्थिर. त्याच्या वरच्या सप्तकातला गांधार ७०० ला, तिथे जोडीच्या दोन्ही तारा आणि खर्जाचा दहावा, तिघं. तो चमकतो. एक स्थिर गांधार आणि त्याच्या डोक्यावर एक चमकणारा गांधार.

गांधारवेडी · धरमपेठ, नागपूर

दादा हे वाचून मी लगेच तंबोरा काढला, रात्रीचे साडेअकरा, घरचे झोपले होते म्हणून अगदी हळू छेडला. दोन गांधार खरंच वेगळे ऐकू येतात! खालचा थांबलेला आणि वरचा झुलणारा. एवढी वर्षं एकच समजत होते.

पण अॅपमध्ये मला ४२० च्या जागी दोन शिखरं काही दिसत नाहीत, प मुद्दाम जरा चढवून पण बघितला. एकच जाड शिखर येतं आणि ते वरखाली होतं.

तारघोडी

ते वरखाली होणं म्हणजेच लाट, तुम्ही बरोबर तेच बघून राहिल्या. अॅप आवाजाचे छोटे तुकडे करून मोजतं, आणि दोन हर्ट्झ अंतरावरचे सूर वेगळे दाखवायला निदान अर्ध्या सेकंदाचा तुकडा लागतो. सेटिंगमध्ये एफएफटी साइज ४०९६ असेल तर एक घर जवळपास ११ हर्ट्झचं होतं, त्यात ४२० आणि ४२२ एकाच घरात राहणार. ३२७६८ करून बघा, मिळत असेल तर. पण मग चित्र सावकाश हलेल आणि उतरणारी जव्हारी पुसट होईल. दोन्ही एकदम नीट दिसत नाही, एक बघायचं तर दुसरं सोडावं लागतं. कान ही तडजोड आपल्यापेक्षा बरी करतो.

पेटीमास्तर_इतवारी

हे सगळं वाचलं, मोठा आनंद झाला. मी पेटी वाजवतो. गायिका म्हणते पेटीचा गांधार टोचतो, मी म्हणतो नुकताच ट्यूनिंग करून आणला. आज तुमचे आकडे घेऊन हिशेब केला. पेटीत बारा सारखे भाग, त्यामुळे सा २८० असेल तर माझा गांधार ३५२.८ च्या आसपास. तुमचा तानपुऱ्याचा ३५०. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन लाटा, आणि तो खालचा गांधार एकटा नि स्थिर म्हणता, मग तर माझी पेटी तिथे उघडीच पडणार. प मात्र माझा आणि तुमचा अर्ध्या हर्ट्झनंसुद्धा वेगळा नाही, म्हणून प वर कधी भांडण होत नाही. आता ती गाताना मी गांधारावर भाता हलका ठेवतो, किंवा सोडूनच देतो.

वर्गातली_ताई

मास्तर, ती गायिका चांगली आहे, तिला जपा.

तारघोडी, तुमचा हिशेब पटला. पण मग तुमचं म्हणणं काय, मुलींना सांगायचं का की जोडी जराशी वेगळी ठेवा? मी कधीच सांगणार नाही.

तारघोडी

मी पण नाही सांगणार, ताई. मुद्दाम वेगळी ठेवली की ०.२ वर थांबत नाही, एक-दीड हर्ट्झ होते, मग मूळ साच डुलायला लागतो आणि गाणाऱ्याला टेकायला जागा राहत नाही. एक करायचा प्रयत्न करायचा, जे उरतं ते पुरेसं असतं. आणि तार स्वतःही थोडी फिरतेच, जोरात छेडली की ताण वाढून सुरुवातीला किंचित चढी असते आणि मग खाली बसते. म्हणजे त्या ०.२ चं प्रमाणसुद्धा एका छेडीत सगळा वेळ सारखं नसतं. रोज त्याच हातानं, त्याच जोरानं छेडा असं तुम्ही लोक सांगता त्याचं हे एक कारण असावं.

पण काही जाणकार वादक जोडीतली एक तार केसभर उतरवून ठेवतात हेही मी बघितलंय, आणि त्यांचा तंबोरा फार गोड वाजायचा. मला यावर ठाम मत नाही.

वर्गातली_ताई

गोड वाजायचा कारण त्यांचा हात गोड होता. मी माझ्या मतावर आहे.

बारावा_फ्रेट

मोबाइलच्या तानपुऱ्याचं राहिलंच की. ताईंनी विचारलं होतं त्यात चमचम का नाही.

तारघोडी

सगळे सारखे नसतात. साध्या प्रकारात खऱ्या तंबोऱ्याचं एक आवर्तन रेकॉर्ड केलेलं असतं आणि तेच फिरवतात. त्यात चमक असते, पण दर आवर्तनात तीच चमक, त्याच जागी. खऱ्या तंबोऱ्यात तुम्ही छेडता तेव्हा आधीच्या छेडीची लाट कुठेतरी मध्ये असते, नवीन छेड त्यावर वेगळ्या ठिकाणी पडते, म्हणून दोन आवर्तनं कधी सारखी होत नाहीत. शिवाय फोनचा स्पीकर ७० हर्ट्झ काढूच शकत नाही. खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो तो वरच्या सुरांवरून आपला मेंदू भरून काढतो. चांगल्या हेडफोनवर ऐकलं तर बरंच बरं वाटेल.

गांधारवेडी · धरमपेठ, नागपूर

अजून एक. काल प ची तार एकटी ऐकली, बाकी रुमालात. तिच्यातून रिषभ येतो! आधी वाटलं भास असेल, मग हिशेब केला, १०५ चा तिसरा ३१५, आणि २८० च्या नऊ-अष्टमांश ३१५. बरोबर ना? आणि पाचवा ५२५ म्हणजे निषाद. म्हणजे चार तारांत सा रे ग प नी बसलेत.

पण खर्जात गांधाराच्या वर अजून एक सूर आहे तो मला ओळखता येत नाही. कोमल निषादाच्या जवळ आहे, पण त्याहून उतरलेला, धैवताच्या बराच वर. बाबा असते तर विचारलं असतं.

तारघोडी

रिषभ बरोबर, निषाद बरोबर. तो ओळखू न येणारा म्हणजे सातवा, ४९०. आपला कोमल निषाद ४९८ किंवा ५०४ धरतात, हा त्याच्या खाली आहे. त्याला आपल्याकडे नाव नाही.

पेटीमास्तर_इतवारी

आमच्या गुरुजींचं म्हणणं होतं की काही रागांत उतरलेला कोमल निषाद लागतो तो इथूनच आला.

वर्गातली_ताई

मला नाही पटत मास्तर. तो निषाद तर प्रत्येक घराण्यात वेगळ्या उंचीवर लागतो, तंबोरा मात्र सगळ्यांचा एकच. गाणारा रागातल्या आजूबाजूच्या स्वरांकडे बघून लावतो.

पेटीमास्तर_इतवारी

मग मोजून बघू. गांधारवेडी, तुमच्याकडे अॅप आहे, तंबोरा आहे. रविवारी ताई आणि मी येतो धरमपेठला, ताई गातील, तुम्ही मोजा. कूलर बंद ठेवा तेवढा.

गांधारवेडी · धरमपेठ, नागपूर

या ना नक्की. सकाळी सहाला या, नंतर उकडते. बारावा फ्रेट, तुम्ही टेप घेऊन या आणि मावशींना पण आणा, त्यांचा तंबोरा शेजारी ठेवून दोन्हीचा सातवा ऐकू.

संत्रानगरी_सूर

मी पण येऊ का? माझा चीर गेलेला आणतो, त्याच्यात सातवा येतो का ते बघू.